सोसायटीच्या हॉलमधलं रेकॉर्डिंग आणि रूपांतर: काम सोपवताना

या महिन्याअखेरीला मी सोसायटी सोडतो आहे. हॉलमधल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग यापुढे तुमच्यापैकी कुणीतरी करणार, म्हणून ही नोंद. मी नसताना झालेली गेली तीन रेकॉर्डिंग मी शेवटपर्यंत ऐकली. एकात रेकॉर्डर तासभर नुसताच तयार स्थितीत राहिला होता. दुसऱ्यात व्याख्यान होतं, पण प्रश्नोत्तरं गायब होती. तिसऱ्यात आवाज आला होता, पण पाहुणे जिन्यातून बोलतायत असा घुमत होता. तिन्ही वेळा यंत्रं धडधाकट होती. चुकला होता तो कामाचा क्रम. त्यामुळे खाली प्रत्येक टप्पा ज्या क्रमाने करायचा त्याच क्रमाने लिहिला आहे, आणि कुठे थांबून खात्री करायची तेही सांगितलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण ती मोडली तर बाकी सगळं वाया जातं. मूळ फाइल दोन ठिकाणी उतरवून, तपासून, ऐकून होत नाही तोवर कार्ड पुसायचं नाही.

## आधी समजून घ्या: दोन बाजू, दोन वेगळे आवाज

आपल्या रेकॉर्डिंगच्या फाइलला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात, पण ते स्टिरिओ नाही. डाव्या बाजूला मिक्सरचा आवाज जातो, म्हणजे मंचावरच्या माइकमध्ये जे बोललं जातं तेवढंच. उजव्या बाजूला हॉलच्या मधोमध स्टँडवर लावलेल्या माइकचा आवाज जातो, म्हणजे श्रोते, टाळ्या, मागून कुणी विचारलेला प्रश्न.

असं करण्याचं कारण साधं आहे. मिक्सरला फक्त त्याला जोडलेल्या माइकचा आवाज कळतो. तिसऱ्या रांगेतून कुणी मोठ्याने प्रश्न विचारला, तर तो हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू येतो आणि मिक्सरला अजिबात येत नाही. दुसरीकडे हॉलमधल्या माइकवर वक्त्याचा आवाज भिंतींवरून परतून येतो, म्हणून तो एकटा वापरला तर बोलणं घुमतं. दोन्ही आवाज वेगवेगळे घेतले की नंतर कुठे कोणता किती वापरायचा हे आपल्या हातात राहतं. एकदा मिसळून रेकॉर्ड केले की ते परत वेगळे करता येत नाहीत.

## टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

१. रेकॉर्डरमध्ये पूर्ण चार्ज केलेले सेल घाला आणि मेनूमध्ये सेलचा प्रकार तोच निवडलेला आहे ना ते पाहा. चार्ज होणारे सेल साध्या सेलपेक्षा कमी व्होल्टेजवर चालतात. प्रकार चुकीचा असेल तर बॅटरीचं चिन्ह खोटं दाखवतं.

२. तारीख आणि वेळ तपासा. सेल बराच वेळ काढून ठेवले की घड्याळ मागे जातं. मग फाइलच्या नावावरून कार्यक्रम कोणता ते कळत नाही.

३. मागच्या कार्यक्रमाच्या वहीतल्या ओळीपुढे "तपासलं, ऐकलं" अशी खूण आहे का ते पाहा. असेल तरच कार्ड रेकॉर्डरमध्ये घालून रेकॉर्डरच्याच मेनूतून फॉरमॅट करा. संगणकावरून करू नका. खूण नसेल तर ते कार्ड बाजूला ठेवा आणि दुसरं वापरा. डब्यात दोन कार्डं आहेत ती याचसाठी.

४. रेकॉर्डिंगचा प्रकार WAV, 48 kHz, 24 bit असाच ठेवा. या प्रकारात तासाला साधारण १ जीबी लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर सुमारे ३० तास मावतात. जागा वाचवायला मेनूतून MP3 निवडण्याचा मोह होईल, तो टाळा. MP3 हा वाटपाचा प्रकार आहे. त्यात गेलेले बारकावे परत येत नाहीत, आणि लेव्हल खालची राहिली असेल तर ती वर उचलताना MP3 मधली खरखर लगेच जाणवते.

५. AUTO LEVEL बंद, LIMITER चालू, LOW CUT 80 Hz वर. ऑटो लेव्हल चालू राहिली तर वक्ता श्वास घ्यायला थांबला की यंत्र आवाज वाढवतं. मग पंख्याची घरघर फुगते, आणि पुढचा शब्द आला की ती पुन्हा दबते. हे नंतर काढता येत नाही.

खात्री: दहा सेकंद रेकॉर्ड करून ते हेडफोनवर ऐका. कार्ड, सेल आणि हेडफोन या तिघांची तपासणी एकदम होते.

## टप्पा २: जोडणी

कार्यक्रमाच्या किमान पाऊण तास आधी या. केबल जोडताना मिक्सरचा मुख्य फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी, खाली असला पाहिजे, नाहीतर स्पीकरमधून मोठा धडाका येतो.

मिक्सरच्या REC OUT ची डावी पिन रेकॉर्डरच्या १ नंबरच्या इनपुटला लावा. हे इनपुट LINE वर असलं पाहिजे. ते MIC वर राहिलं तर आवाज फाटतो, आणि गेन, म्हणजे इनपुटचा आवाज वाढवण्याचं बटण, शून्यावर आणूनही फाटतच राहतो, कारण मिक्सरमधून येणारा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा असतो. गेन अगदी तळाला असूनही लाल दिवा लागत असेल तर दुसरं काही शोधू नका, आधी हेच बटण पाहा.

हॉलमधला माइक २ नंबरच्या इनपुटला जोडा. या माइकला चालण्यासाठी ४८ व्होल्ट लागतात. ते मेनूतून फक्त २ नंबरला चालू करायचे आहेत. मिक्सरच्या बाजूला ते जाता कामा नयेत.

इथे एक चूक वारंवार होते. आपण REC OUT ची फक्त डावी पिन घेतो, त्यामुळे मिक्सरवर प्रत्येक माइकचं PAN बटण बरोबर मध्यावर हवं. नाटकाच्या तालमीनंतर एकदा कुणीतरी सूत्रसंचालकाच्या माइकचं PAN पूर्ण उजवीकडे नेऊन ठेवलं होतं. हॉलमध्ये सूत्रसंचालन छान ऐकू येत होतं आणि रेकॉर्डिंगमध्ये मिक्सरच्या बाजूला एक अक्षर नव्हतं. म्हणून सगळी PAN बटणं बोटाने चाचपून पाहा. मध्यावर आलं की बटण किंचित अडकल्यासारखं लागतं.

घरघर ऐकू आली तर: हेडफोनमध्ये सतत एका सुरातली "हंऽऽ" अशी घरघर येत असेल, तर रेकॉर्डरचा अडॅप्टर काढून तो सेलवर चालवा. बहुतेक वेळा ती तिथेच थांबते. रेकॉर्डर आणि मिक्सर दोघेही वेगवेगळ्या मार्गांनी अर्थिंगला जोडले गेले की त्यांच्यामध्ये वळसा तयार होतो आणि विजेची ५० हर्ट्झची घरघर केबलमध्ये शिरते. एवढ्याने थांबली नाही तर डब्यातलं आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचं छोटं खोकं मिक्सर आणि रेकॉर्डरच्या मध्ये लावा.

धोका: घरघर जावी म्हणून कुठल्याही प्लगची अर्थिंगची पिन काढू किंवा झाकू नका. मिक्सरच्या पत्र्यात वीज उतरली तर माइक धरणाऱ्याला झटका बसेल.

## टप्पा ३: लेव्हल लावणं

"हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग" यावर लेव्हल लावू नका. माणूस चाचणी करताना हळू बोलतो आणि कार्यक्रमात मोठ्याने. चाचणीच्या वेळी एखाद्याला माइक हातात देऊन कागदावरचा उतारा मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सांगा. त्याच वेळी १ नंबरचा गेन असा ठेवा की रेकॉर्डरच्या पट्टीवरची टोकं -12 च्या आसपास फिरतील आणि एखादं टोक -6 पर्यंत जाईल. शून्याला कधीच लागता कामा नये. शून्य म्हणजे मोजण्याची मर्यादा. त्यापुढचा भाग कापला जातो आणि आवाज फाटतो.

"एवढी कमी कशाला? अजून वाढवूया की," असं शेजारी उभं राहणारा कुणीतरी हमखास म्हणेल. वाढवू नका. 24 bit मध्ये आवाज थोडा हळू आला तरी नंतर तो स्वच्छ वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही.

हॉलमधल्या माइकची लेव्हल बोलण्यावर लावायची नाही, टाळ्यांवर लावायची. चार जणांना मागे उभं करून जोरात टाळ्या वाजवायला सांगा आणि टोक -10 च्या खाली राहील असा गेन ठेवा. भरलेल्या हॉलच्या टाळ्या याहून मोठ्या असतात, म्हणून एवढी मोकळीक लागते. मग बोलणं या बाजूला फारच हळू येईल. येऊ द्या.

आणखी एक लक्षात ठेवा. आपल्या मिक्सरचा REC OUT मुख्य फेडरच्या मागे येतो. स्पीकरमधून शिट्टी वाजायला लागली म्हणून ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याने मुख्य फेडर खाली ओढला की आपली लेव्हलही खाली जाते. त्याला आधीच सांगून ठेवा: शिट्टी आली तर ज्या माइकमुळे येते आहे त्याचा फेडर खाली घे, मुख्य फेडरला हात लावू नकोस.

## टप्पा ४: टाळी

हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि सगळे विसरतात. खऱ्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग टप्पा ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे सुरू केल्यावर, लोक बसत असताना, मंचावरच्या माइकसमोर एकदा जोरात टाळी वाजवा.

मंचावरच्या माइकचा आवाज केबलमधून रेकॉर्डरपर्यंत लगेच पोचतो. तोच आवाज स्पीकरमधून निघून हवेतून हॉलमधल्या माइकपर्यंत जायला वेळ लागतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. माइक स्पीकरपासून १० मीटरवर असेल तर तो जवळपास २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही बाजू तशाच मिसळल्या की प्रत्येक शब्दाला शेपूट फुटतं. जिन्यातून बोलल्यासारखा जो आवाज मी सुरुवातीला सांगितला, त्याचं कारण हेच. टाळीमुळे दोन्ही बाजूंना एकेक टोकदार खूण मिळते आणि त्यांतलं अंतर नंतर मोजता येतं.

माइकचा स्टँड कार्यक्रमाच्या मध्येच हलवला तर हे अंतर बदलतं. जमिनीवर चिकटपट्टीची खूण आहे, स्टँड तिथेच ठेवा.

## टप्पा ५: रेकॉर्डिंग चालू असताना

आपल्या रेकॉर्डरचं REC बटण एकदा दाबलं की लाल दिवा *लुकलुकतो*. याचा अर्थ यंत्र तयार आहे, रेकॉर्ड करत नाही. पट्ट्या हलताना दिसतात, हेडफोनमध्ये आवाजही येतो, त्यामुळे काम सुरू झालं असं वाटतं. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो आणि रेकॉर्डिंग सुरू होतं.

खात्री: दिवा बघून समाधान मानू नका. वेळेचा आकडा पुढे सरकतो आहे ना ते पाहा, मगच HOLD चं बटण सरकवून बाकीची बटणं बंद करा.

कार्यक्रम चालू असताना दर वीस मिनिटांनी एकदा पडद्याकडे पाहा: वेळ सरकते आहे, दोन्ही पट्ट्या हलतायत, सेलचं चिन्ह भरलेलं आहे. वहीत एवढंच लिहा: टाळी कितव्या मिनिटाला वाजवली, व्याख्यान, प्रश्न आणि आभार कितव्या मिनिटाला सुरू झाले, काही बिघडलं असेल तर कधी, आणि शेवटी एकूण वेळ. वेळ घड्याळाची नको, रेकॉर्डरच्या पडद्यावरची लिहा. संगणकावर कापताना तीच लागते.

मध्यंतरात रेकॉर्डिंग थांबवू नका. थांबवलेलं पुन्हा सुरू करायचं राहून जातं, आणि पंधरा मिनिटांची गजबज कापायला एक मिनिटही लागत नाही.

## टप्पा ६: थांबवणं

STOP दाबा आणि पडद्यावर फाइल लिहिल्याचा संदेश जाईपर्यंत वाट पाहा. मग यंत्र बंद करा. मगच कार्ड काढा. गर्दीत कुणी आधी अडॅप्टर ओढला, किंवा थांबवायच्या आधीच सेल निघाले, तर फाइलचा मथळा, म्हणजे तिच्या सुरुवातीला असलेली तिची माहिती, अर्धवट राहतो आणि ती शून्य सेकंदांची दिसते. तशी दिसली तरी कार्डाला काही करू नका. ती वाचवायची पद्धत शेवटी दिली आहे.

## टप्पा ७: उतरवणं आणि पडताळणी

आता एक खरा कार्यक्रम धरून पुढे जाऊ. एकूण रेकॉर्डिंग २ तास ४० मिनिटांचं होतं. वहीत नोंद अशी होती: टाळी ०:०२ ला, व्याख्यान ०:१२ ला सुरू, प्रश्न २:०६ ला, आभार २:३८ ला.

आपला रेकॉर्डर एक फाइल २ जीबीची झाली की आपोआप दुसरी सुरू करतो. आपल्या प्रकारात २ जीबी म्हणजे सुमारे २ तास ४ मिनिटं. म्हणून कार्डावर दोन फाइली होत्या: पहिली २ तास ४ मिनिटांची, दुसरी सुमारे ३६ मिनिटांची. प्रश्नोत्तरं पूर्णपणे दुसऱ्या फाइलमध्ये होती. ज्या रेकॉर्डिंगमधून प्रश्नोत्तरं गायब झाली, त्यात फक्त पहिली फाइल उतरवून कार्ड पुसलं गेलं होतं.

खात्री: फाइलींच्या लांबीची बेरीज वहीतल्या एकूण वेळेशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर कार्डावर अजून काहीतरी आहे.

संगणकावर तारखेच्या नावाचा फोल्डर करा आणि त्यात `mool`, `kaam`, `vatap` असे तीन उपफोल्डर. कार्डावरचं सगळं `mool` मध्ये *कॉपी* करा, कट करू नका. मग तोच `mool` बाहेरच्या हार्ड डिस्कवरही कॉपी करा, पण संगणकावरून नको, पुन्हा कार्डावरून. पहिली कॉपी बिघडलेली असेल तर तिच्यावरून केलेली दुसरीही बिघडलेलीच असणार.

आता तिन्ही ठिकाणची फाइल तीच आहे का ते पाहायचं. कमांड प्रॉम्प्ट उघडून प्रत्येक फाइलसाठी, प्रत्येक ठिकाणी:

```
certutil -hashfile "E:\250216_01.wav" SHA256
```

एक लांब आकडा-अक्षरांची ओळ येते. कार्ड, संगणक आणि हार्ड डिस्क या तिन्हींवर ती ओळ तंतोतंत सारखी हवी. एक अक्षर जरी वेगळं असेल तरी ती कॉपी टाकून पुन्हा करा. फाइलचा आकार सारखा दिसतो एवढ्यावर विसंबू नका. आकार सारखा असूनही आतला मजकूर बिघडलेला असू शकतो.

`mool` मधल्या फाइलींना यानंतर हात लावायचा नाही. नाव बदलायचं नाही, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह करायचं नाही. दोन्ही फाइलींची एकेक प्रत `kaam` मध्ये घ्या. पुढचं सगळं तिथेच होईल.

## टप्पा ८: तुकडे जोडणं

रेकॉर्डर दुसरी फाइल सुरू करताना मध्ये काही गाळत नाही, त्यामुळे दोन्ही सलग जोडता येतात. `kaam` मध्ये `yadi.txt` नावाची साधी फाइल करा:

```
file '250216_01.wav'
file '250216_02.wav'
```

मग त्याच फोल्डरमधून, कमांड प्रॉम्प्टमध्ये, ffmpeg हा आवाज जोडण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम असा चालवा:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i yadi.txt -c copy -rf64 auto jod.wav
```

`-c copy` मुळे आवाज बदलत नाही, फक्त तुकडे एकापुढे एक लागतात. `-rf64 auto` हे चार तासांपेक्षा मोठ्या कार्यक्रमांसाठी आहे. साध्या WAV फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, ती ओलांडली तर याच्याशिवाय जोडलेली फाइल नीट उघडत नाही.

खात्री: `jod.wav` मध्ये २:०४ च्या आसपासचं अर्धं मिनिट ऐका. शब्द तुटलेला नसावा. यादीतला क्रम उलटला असेल तर कार्यक्रम प्रश्नांपासूनच सुरू होईल.

## टप्पा ९: रूपांतर

आधी टाळी मोजा. `jod.wav` ऑडॅसिटीत उघडा, ०:०२ जवळ जा आणि डाव्या बाजूच्या टाळीचं पहिलं टोक सापडेपर्यंत चित्र मोठं करा. तिथपासून उजव्या बाजूच्या टाळीच्या पहिल्या टोकापर्यंत माउसने निवडा आणि खालच्या पट्टीत निवडीची लांबी वाचा. या कार्यक्रमात ती ०.०२९ सेकंद आली. सेव्ह न करता ऑडॅसिटी बंद करा.

हॉलमध्ये बोलणं उशिरा पोचतं, म्हणून मिक्सरची बाजू तेवढीच मागे सरकवायची. व्याख्यानासाठी:

```
ffmpeg -ss 00:12:00 -to 02:06:00 -i jod.wav -af "adelay=29|0,pan=mono|c0=0.85*c0+0.15*c1,loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11" -ar 44100 -b:a 96k vyakhyan.mp3
```

यात `adelay=29|0` म्हणजे डावी बाजू २९ मिलिसेकंद मागे, उजवी आहे तिथेच. `pan` मध्ये मिक्सरचा आवाज जास्त आणि हॉलचा थोडाच घेतला आहे, टाळ्या आणि हशा जाणवण्यापुरता. `loudnorm` सगळ्या रेकॉर्डिंगचा मोठेपणा सारखा करतं, म्हणजे ऐकणाऱ्याला दर फाइलला आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. `-ar 44100` गाळू नका, कारण `loudnorm` आतल्या आत नमुने कितीतरी पटींनी वाढवतं आणि ते आपल्याला परत खाली आणायचे असतात.

प्रश्नोत्तरांसाठी प्रमाण उलटं:

```
ffmpeg -ss 02:06:00 -to 02:38:00 -i jod.wav -af "adelay=29|0,pan=mono|c0=0.35*c0+0.65*c1,loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11" -ar 44100 -b:a 96k prashna.mp3
```

इथे वक्त्याचं उत्तर थोडं घुमेल, पण प्रश्न कळतील. प्रश्न कळले नाहीत तर उत्तराला अर्थ राहत नाही. म्हणूनच मी दोन फाइली वेगळ्या ठेवतो. एकाच प्रमाणात पूर्ण कार्यक्रम नीट येत नाही.

`loudnorm` ची एक मर्यादा लक्षात ठेवा. असं एकदाच चालवलं की ते आवाज पाहत पाहत कमी-जास्त करत जातं. लांब शांतता असेल तिथे पंख्याचा आवाज वर येतो. बोलण्याला हे चालतं. गाण्याच्या कार्यक्रमाला चालत नाही, कारण गायकाने मुद्दाम हळू घेतलेली जागाही ते वर ओढतं. गाण्यासाठी `loudnorm` चा भाग काढून तिथे `volume=6dB` असं हाताने लिहा आणि सर्वांत मोठी जागा फाटत नाही ना ते ऐकून ठरवा.

मोनो 96k मध्ये तासाला सुमारे ४३ एमबी लागतात. व्याख्यानाची फाइल ८२ एमबीच्या आसपास आली. तुमची यापेक्षा फारच लहान आली तर वेळ लिहिताना काहीतरी चुकलं आहे.

## टप्पा १०: ऐकणं, मगच वाटणं आणि पुसणं

१. दोन्ही MP3 फाइली सुरुवातीला, मध्ये तीन ठिकाणी आणि शेवटी हेडफोनवर ऐका. शेवटचं वाक्य पूर्ण आहे का ते खास पाहा.

२. मग त्याच फाइली मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. बहुतेक रहिवासी तशाच ऐकतात. हेडफोनवर ठीक वाटलेला प्रश्न तिथे विरून गेला, तर प्रश्नोत्तरांच्या कमांडमध्ये हॉलची बाजू अजून वाढवा.

३. कुणी बोलू नये ते माइक चालू असताना बोललं गेलं आहे का ते ऐका. कार्यक्रम सुरू होण्याआधीच्या मिनिटांत घरगुती, खाजगी बोलणं हमखास असतं. ते वाटपाच्या फाइलमध्ये जाता कामा नये. म्हणूनच व्याख्यान १२ व्या मिनिटापासून कापलं.

४. MP3 `vatap` मध्ये हलवा. `kaam` रिकामा करा.

५. वहीत त्या कार्यक्रमापुढे "तपासलं, ऐकलं" लिहा आणि सही करा. कार्ड आता पुसायला मोकळं.

सर्वसाधारण सभेचं रेकॉर्डिंग वाटायचं नाही. ते सचिवांकडे द्यायचं, कारण त्याचा उपयोग इतिवृत्त लिहिण्यापुरता आहे. आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे प्रत्येक कार्यक्रमात, सुरू होतानाच, माइकवरून सांगायचं. हॉलमधला माइक श्रोत्यांचं बोलणंही घेतो, हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

## शून्य सेकंदांची फाइल वाचवताना

सेल मध्येच गेले आणि फाइल उघडत नसेल, तर आधी तेच कार्ड रेकॉर्डरमध्ये घालून यंत्र चालू करा. काही यंत्रं अशी फाइल स्वतःच दुरुस्त करतात. तसं झालं नाही तर फाइलचा आकार पाहा. आकार शेकडो एमबी असेल तर आवाज आत आहे, हरवला आहे तो फक्त मथळा.

फाइलची प्रत घ्या. हेडफोन कानावरून काढा आणि आवाज अगदी कमी करा, कारण पुढची पायरी चुकली तर कर्कश्श खरखर येते. ऑडॅसिटीत Import मधून Raw Data निवडा आणि हे भरा: Signed 24-bit PCM, Little-endian, 2 Channels, 48000 Hz, Start offset 44. नुसती खरखर आली तर रद्द करून offset ४५ करा, मग ४६. आपला प्रत्येक नमुना तीन बाइटचा असतो, त्यामुळे या तिघांपैकी एका ठिकाणी आवाज स्वच्छ लागतोच. आवाज स्वच्छ आला पण डावी-उजवी बाजू उलटी झाली असेल, तर त्याच आकड्यात ३ मिळवा. मग `kaam` मध्ये 24-bit WAV म्हणून एक्स्पोर्ट करा आणि टप्पा ८ पासून पुढे चला. आकारच शून्य असेल तर मात्र कार्ड वेगळं ठेवा, त्यावर काही लिहू नका, आणि माहीतगाराकडे द्या.

## माझ्याकडून अपुरं राहिलेलं

REC OUT ची केबल मिक्सरच्या टोकाला ढिली झाली आहे. हलवली की एका बाजूला करकर येते. नवी येईपर्यंत केबल जोडल्यावर चिकटपट्टीने मिक्सरच्या पाठीला घट्ट बांधा आणि तिच्यावर कुणाचा पाय पडणार नाही अशी वळवा.

बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळे `mool` फोल्डर आहेत, पण सुरुवातीच्या आठ कार्यक्रमांची `certutil` पडताळणी मी केलेली नाही. तेव्हा मला ही पद्धत माहीत नव्हती. त्यांची संगणकावरची प्रत अजून आहे, ती पुसण्याआधी दोन्हीकडच्या ओळी जुळवून पाहा. त्या आठांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिली आहेत. एकेक जुळलं की खोडत जा.